उजवा कान धरा

रविवारची संध्याकाळ, जुळे सोलापुरातलं दुमजली घर. जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केलेला, त्यासमोर मुलगी, आणि फ्रेमच्या बाहेर, फ्रिजला पाठ लावून उभी असलेली मावशी. फोनच्या आत पुण्यात नोकरी करणारा, मूळचा सोलापूरचाच मुलगा. नमस्कार-चमत्कार झाले, ऊन कसं आहे ते विचारून झालं. मग मुलीने आधीपासून ठरवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, ‘रागावू नका, पण जरा उजवा कान धरून दाखवता का?’ पलीकडे दोन सेकंद शांतता. नेटवर्क गेलं नव्हतं, कारण मागचा पंखा फिरत होता. तो फक्त गप्प झाला होता. मग त्याने कान धरला, शाळेत गृहपाठ न आणलेल्या पोरासारखा, मान किंचित खाली घालून.

ती दोन सेकंदं मावशीच्या डोक्यातून अजून गेलेली नाहीत.

चौकशी आपल्याला नवी नाही. स्थळ आलं की मुलाच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला गाठायचं, न्हाव्याकडे सहज दाढीला जाऊन बसायचं, कारखान्यात ओळखीचा कुणी निघतो का बघायचं, हे या गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. पूर्व भागात तेलुगूतून विचारायचं, अक्कलकोटच्या बाजूला कन्नडमधून, उरलेलं मराठीत. पण त्या चौकशीला एक सोय होती, ज्याची चौकशी चाललीय तो माणूस आहे की नाही हा प्रश्नच नसायचा. तो कसा आहे एवढंच विचारायचं असायचं. विवाहाच्या साइटवर किंवा डेटिंगच्या ॲपवर स्थळ जुळतं तेव्हा त्याआधीची एक पायरी घालावी लागते, हा चेहरा आणि हे नाव एकाच माणसाचं आहे का? त्यासाठी हाताशी दोन साधनं आहेत, फोटोचा उलटा शोध आणि छोटा व्हिडिओ कॉल. दोन्ही फुकट आहेत, दोन्हीला मिळून अर्धा तास पुरतो, आणि दोन्ही चुकीच्या पद्धतीने वापरली की भलत्याच माणसाला खोटं ठरवतात.

आधी फोटो, मग कॉल, हा क्रम सोडू नये. फोटो शोधायला समोरच्याची परवानगी लागत नाही आणि आपला नंबरही द्यावा लागत नाही. फोटोतच घोळ निघाला तर कॉलपर्यंत जायची गरज उरत नाही. मात्र फोटो नीट घ्यावा लागतो. लोक ॲपच्या पानाचा अख्खा स्क्रीनशॉट काढतात, त्यात वर नाव, खाली हृदयाचं बटण, कोपऱ्यात साइटचा शिक्का, आणि तो तसाच शोधाला देतात. शोधयंत्र मग तसल्याच पानांचे स्क्रीनशॉट दाखवत बसतं. चौकट, बटणं, शिक्का सगळं कापून फक्त फोटो उरला पाहिजे. काही ॲपमध्ये आणि व्हॉट्सॲपच्या डीपीवर स्क्रीनशॉट निघतच नाही. तिथे घरातल्या दुसऱ्या फोनने स्क्रीनचा सरळ, चमक न येऊ देता फोटो घ्यायचा आणि मग कापायचा. दर्जा उतरतो, पण काम होतं.

अँड्रॉइड फोनवर गुगलच्या शोधपट्टीत कॅमेऱ्याचं चिन्ह असतं, तेच लेन्स. तिथून गॅलरीतला फोटो निवडला की चित्राभोवती एक चौकट येते आणि तिचे कोपरे बोटाने ओढता येतात. बहुतेक जण ती चौकट तशीच राहू देतात आणि फसतात. लेन्स मुळात वस्तू ओळखायला बसलंय. शर्ट निळा असेल तर ते निळे शर्ट विकायला आणून दाखवतं. म्हणून खाली Exact matches असं लिहिलेला भाग उघडायचा. हाच फोटो आणखी कुठल्या पानांवर आहे ते तिथे येतं. मग चौकट आवळून फक्त चेहऱ्यावर आणायची आणि पुन्हा बघायचं. त्यानंतर चेहरा वगळून फक्त मागची भिंत, खिडकी, दुकानाची पाटी निवडायची. लेन्सनंतर दोन दारं आणखी ठोठवावीत. tineye.com चेहरे ओळखत नाही, पण तीच प्रतिमा लहान करून, कापून, रंग बदलून कुठे टाकली असेल तर ती शोधण्यात पक्की आहे, आणि निकाल Oldest लावून जुन्यापासून पाहता येतात. ती तारीख फोटो त्यांच्या यंत्राला पहिल्यांदा सापडला त्या दिवसाची असते, फोटो काढला त्या दिवसाची नव्हे. रशियन यांडेक्सचा चित्रशोध चेहऱ्यांच्या बाबतीत बराच तिखट आहे. त्याच माणसाचा वेगळा फोटोही कधी कधी तो आणून देतो. पण तो सारखे दिसणारे चेहरेही तितक्याच आत्मविश्वासाने पुढे करतो, हे लक्षात ठेवून बघायचं.

याच मुलीचं दोन महिन्यांपूर्वीचं एक स्थळ पाहण्यासारखं होतं. वय 33, पुण्यात बाणेरला फ्लॅट, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आई-वडील सोलापुरात होटगी रोडला. तीन फोटो. पहिल्यात तो स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून दोन्ही हातांत कप धरून उभा. पांढरा शर्ट, चेहरा आपल्याकडचाच, गव्हाळ. लेन्सला पूर्ण फोटो दिला, काही नाही. फक्त चेहरा दिला, काही नाही. टिनआयवर शून्य निकाल. इथपर्यंत आलेला माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि नंबर देऊन टाकतो. खरं तर शून्य निकालाने काहीच सिद्ध होत नाही. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरचे बहुतेक फोटो या शोधयंत्रांना दिसतच नाहीत, खासगी खात्यांवरचे तर मुळीच नाहीत. संगणकाने बनवलेला चेहरा कुणाचाच नसतो, त्यामुळे तोही कुठे सापडत नाही. आणि साध्या, पापभिरू माणसाचा फोटोही कुठे सापडत नाही, कारण त्याने तो कुठे टाकलेलाच नसतो. तिघांचाही निकाल सारखाच येतो.

मावशीला मात्र ओट्यावरचा स्विचबोर्ड खटकला. खरं म्हणजे स्विचबोर्ड नव्हताच. भिंतीत एक गोल खोबण होती, आत दोन भोकं, आणि शेजारी बटण नाही. आपल्याकडे कुठल्याही घरात तीन भोकांच्या प्लगशेजारी त्याचं बटण असतं. मिक्सर लावायचा तर आधी खट्‌कन बटण दाबायचं. ते दोन भोकांचं, आत गेलेलं, बिनबटणाचं सॉकेट युरोपात असतं. बाणेरच्या फ्लॅटमध्ये असं सॉकेट कुणी कशाला बसवेल? यापुढची गोष्ट मुलीने पाहिली. शर्टाचा खिसा. पुरुषांच्या शर्टाचा खिसा अंगावर डाव्या बाजूला असतो, म्हणजे समोरून पाहताना आपल्या उजव्या हाताला दिसतो. या फोटोत तो आपल्या डाव्या हाताला होता. फोटो आरशासारखा उलटवलेला होता.

एवढ्यावरून कुणाला चोर म्हणू नये. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले सेल्फी अनेकदा उलटेच साठवले जातात. त्यात खिसा फिरतो, टी-शर्टवरची अक्षरं उलटी वाचावी लागतात, गाडीत बसून काढला असेल तर स्टिअरिंग डावीकडे जातं. पण याचे दोन्ही हात कपाला गुंतलेले होते, म्हणजे फोटो दुसऱ्या कुणी काढलेला. तो मुद्दाम उलटवला होता, आणि उलटवण्याचं कारण सहसा एकच असतं, शोधयंत्राला चकवायचं. बहुतेक फोनच्या गॅलरीत फोटो संपादनात गेलं की कापण्याच्या चिन्हाशेजारी समोरासमोर दोन त्रिकोण असतात. ते दाबलं की फोटो फिरतो. तो फिरवलेला फोटो जपून ठेवून पुन्हा शोधाला दिला, आणि टिनआयवर चार निकाल आले. सर्वांत जुना 2017 चा, युरोपातल्या एका व्यायामशाळेच्या पानावरचा. तिथे तोच ओटा, तोच कप, आणि खाली वेगळंच नाव. बाणेरच्या फ्लॅटमालकाने त्या आठवड्यात प्रोफाइल बंद केलं. व्यायामशाळेतल्या त्या माणसाला आपण सोलापूरच्या बाजारात उपवर म्हणून फिरतोय याची गंधवार्ताही नसणार. खरा फसवला गेलेला तोही आहेच.

असं एकदा हाताला लागलं की माणूस शिकतो आणि थोडा बिघडतोही. पुढचं स्थळ आलं तेव्हा मावशीने पोहे भिजवायच्या आधी फोटो लेन्सला दिला. आणि या वेळी पहिल्याच फटक्यात निकाल आला. मुलाचा फोटो सोलापुरातल्याच एका फोटो स्टुडिओच्या पानावर होता, सुटातला, तोच टाय, खाली ‘प्री-वेडिंग आणि पोर्टफोलिओसाठी संपर्क साधा’. नाव कुठेच नाही. घरात दोन तट पडले. वडील म्हणाले, मॉडेलचा फोटो लावलाय कुणीतरी, सोडून द्या. मुलगी म्हणाली, स्विचबोर्ड बघा की. स्टुडिओतला पडदा होता, स्विचबोर्ड कुठून दिसणार. सापडलेला निकाल वाचायलाही शिकावं लागतं. चोरलेला फोटो सापडतो तेव्हा त्याच्यासोबत दुसरं नाव, दुसरं गाव, दुसरा धंदा असतो, आणि बहुधा तो तीन-चार वेगवेगळ्या नावांनी सापडतो. इथे एकच पान होतं, त्याच गावातलं, आणि बिननावाचं. याचा सरळ अर्थ असाही निघतो की मुलाने बायोडेटासाठी तिथे फोटो काढला आणि स्टुडिओवाल्याने चांगला आला म्हणून न विचारता जाहिरातीला लावला. दोन्ही अर्थ शक्य होते. फोटोचा शोध इथे थांबतो. त्याच्यापुढे जिवंत माणूसच लागतो.

म्हणून तो रविवार.

कॉलची वेळ ठरवताना पाच मिनिटं एवढंच सांगितलं होतं, आणि ते बरं केलं. अर्ध्या तासाचा कॉल म्हटलं की मुलगा असो वा मुलगी, घरात तयारी सुरू होते, पाठीमागचा सोफा बदलतो. पाच मिनिटांच्या कॉलला नकार द्यायला कारण शोधावं लागतं. साइटच्या किंवा ॲपच्या आतच व्हिडिओ कॉलची सोय असेल तर तीच वापरावी, म्हणजे नंबर द्यावा लागत नाही. आणि कॉल आपणही कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखाच घ्यायचा, पूर्ण कपड्यांत, उजेडात, घरात कुणीतरी असताना. पलीकडचा कॉल रेकॉर्ड करत असेल तर व्हॉट्सॲप आपल्याला काही सांगत नाही. अनोळखी कॉल उचलला, समोर नग्न बाई दिसली, आणि दुसऱ्या दिवशी त्या स्क्रीनच्या चित्रफितीवर पैशांची मागणी आली, असा धंदाच चालतो. असं काही दिसलं तर बोट सरळ लाल बटणावर. पैसे द्यायचे नाहीत. आलेले मेसेज न पुसता 1930 वर फोन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार.

चेहरा दिसला म्हणजे झालं, असं पूर्वी होतं. आता दोन प्रकारे नकली कॉल येतो. पहिला जुना आणि सोपा, कुणाचं तरी आधी घेतलेलं चित्रण संगणकावरून कॅमेऱ्याच्या जागी लावून द्यायचं. त्यातला माणूस हसतो, मान हलवतो, केसांतून हात फिरवतो, पण आपल्या बोलण्याला उत्तर म्हणून काही करत नाही. आवाज येत नाही, माइक बिघडलाय असं टाइप करून कळवतो. याला एकच औषध आहे, त्याला आधी माहीत नसलेलं काहीतरी करायला सांगायचं. कान धरा, तीन बोटं दाखवा, हाताशी असलेली वाटी उचला. दुसरा प्रकार चेहरा बदलण्याचा. माणूस जिवंत असतो, तुमचं सगळं ऐकतो, पण त्याच्या चेहऱ्यावर संगणक दुसरा चेहरा बसवत असतो. हा बदललेला चेहरा समोरून उत्तम दिसतो आणि पूर्ण बाजूला वळला की अडचणीत येतो, कारण एकच डोळा आणि अर्धं नाक उरतं. चेहऱ्यासमोरून बोटं पसरून हात सावकाश नेला तर बोटांच्या कडा गालात विरघळल्यासारख्या दिसतात. कान धरून मान बाजूला वळवायला सांगितलं की हे दोन्ही बरंचसं साधतं, हात चेहऱ्याजवळ येतो आणि चेहराही वळतो. तरी ही साधनं दर वर्षी सुधारतायत, त्यामुळे एका चाचणीवर भिस्त ठेवू नये. सगळ्यांत अवघड जाणारी मागणी दिसायला अगदी साधी आहे, ‘फोन घेऊन जरा खिडकीपाशी या ना, ट्यूबलाइटमध्ये नीट दिसत नाही.’ खिडकीशी आलं की उजेड बाजूने पडतो, नाकाची सावली सरकते, गालाचा रंग बदलतो. वाटेत मागचा कॅमेरा लावून बाहेरचं दाखवायला सांगितलं की संगणकावरून बनाव करणाऱ्याची पुरती धांदल उडते.

यात खऱ्या माणसावर अन्याय होतो तो नेटवर्कमुळे. चित्र अडकलं, आवाज मागे पडला की मावशीसारख्यांचा संशय लगेच जागा होतो. फरक असा बघायचा. नेटवर्क खराब असतं तेव्हा सगळंच चित्र चौकोनी तुकड्यांत मोडतं, भिंत, पडदा, पंखा आणि माणूस एकत्र, आणि थोड्या वेळाने सगळंच एकत्र सुधारतं. मागचं कॅलेंडर स्वच्छ वाचता येतंय आणि फक्त हनुवटीची, कपाळाच्या केसांची कड लुकलुकतेय, असं झालं तर मामला वेगळा. ओठ आणि आवाज जरासे मागेपुढे असणं तर घरच्या माणसाच्या कॉलमध्येही होतं.

‘कॅमेरा फुटलाय’, ‘कंपनीत कॅमेऱ्याला बंदी आहे’, ‘मी जहाजावर आहे’ ही कारणं एकदा खरी असू शकतात. दोनदा तारीख पुढे गेली तर तिसरी द्यावी, आणि तीही हुकली तर विषय मिटवावा. मुलींच्या बाबतीत मात्र थोडं थांबावं. अनोळखी पुरुषाला व्हिडिओवर तोंड दाखवायला नको वाटणं यात खोटं काहीच नाही, आणि कित्येक घरांत ते चालतही नाही. तिथे दुपारची वेळ, आई शेजारी बसलेली, तीन मिनिटं, असं सुचवलं की बहुधा जमतं. गावाची परीक्षा घेण्याचा मोह अनेकांना होतो. गड्ड्याची यात्रा कधी भरते, सिद्धेश्वराचं तळं कुठे आहे. ही उत्तरं कुणीही फोनवर बघून देतो. त्यापेक्षा माणसाला मोकळं बोलू द्यावं. ‘काय बे’ मधला ‘बे’ आणि ‘येतो की’ मधला ‘की’ नेमका कुठे पडतो ते शोधून सापडत नाही. अर्थात पुण्यात पंधरा वर्षं राहिलेल्याचा ‘बे’ सुटलेलाही असतो, बिचाऱ्याचा.

आणि एवढं सगळं पार पडलं तरी हाती काय येतं? फोटोतला चेहरा आणि कॉलवरचा माणूस एकच आहे, एवढंच. डेटिंग ॲपवरची निळी खूणही तेवढंच सांगते. त्याची नोकरी, पगार, आधीचं लग्न, दारू यातलं काही कॅमेऱ्यात दिसत नाही. त्यासाठी परत किराणा दुकानदार आणि न्हावीच.

तर तो मुलगा. कान धरून झाल्यावर त्याला स्टुडिओच्या पानाबद्दल विचारलं. त्याला ते माहीतच नव्हतं. त्याने तिथल्या तिथे दुसऱ्या फोनवर पान उघडलं, स्वतःचा फोटो पाहिला आणि ‘पाचशे रुपये घेतले की बे माझ्याकडून’ असं कुणाला तरी, बहुधा शेजारच्या मित्राला, म्हणाला. ‘बे’ अगदी जागेवर पडला. मावशी फ्रिजपाशी तोंडाला पदर लावून हसली. मग तो फोनकडे वळला आणि म्हणाला, ‘आता तुम्ही धरा.’ मुलीला कळलं नाही. ‘कान. तुमचेही दोनच फोटो आहेत साइटवर, आणि एकात गॉगल आहे.’ आता शांतता इकडे होती. तेवढीच, दोन सेकंदं. हा प्रश्न कुणी आपल्याला विचारेल असं या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिने कान धरला. तो म्हणाला, डावा धरलाय तुम्ही. ती म्हणाली, उजवाच आहे. आपल्या स्क्रीनवर आपण आरशासारखे उलटे दिसतो आणि समोरच्याला सरळ, त्यात पुन्हा समोरासमोर बसल्यावर उजवं-डावं फिरतं, हे दोघांनाही ठाऊक असूनही दोघं आपापला कान धरून वाद घालत राहिली. पाच मिनिटांचा कॉल तेव्हा अकराव्या मिनिटात होता, आणि मावशीने पोह्यांचं पातेलं गॅसवर चढवलं.